घरात खोकणारी दोन मुलं आणि मधाची एकच बाटली

«माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी आठ महिन्यांची. चार दिवसांपासून दोघांनाही सर्दी-खोकला आहे, रात्री तर फारच. सासूबाई म्हणतात मोठ्याला मध चाटव, आणि धाकटीला नुसतं बोट लावलं तरी पुरे, आमची सगळी मुलं त्याच्यावरच वाढली. मध नक्की कधीपासून द्यायचा, एका वेळी किती द्यायचा, आणि लहान बाळाला बोटभरही का चालत नाही?»

ताई, आधी आज रात्रीपुरतं सांगते, कारणं मागाहून. मोठ्याला झोपण्याच्या अर्धा तास आधी अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अडीच मिलिलीटर मध द्या. धाकटीला अजिबात नको. बोटाला लावून नको, गुटीत नको, चोखणीला लावून नको, कोमट पाण्यात कालवूनही नको. तिचा पहिला वाढदिवस होईपर्यंत मध तिच्यासाठी नाहीच असं समजा.

मी इंदूरमध्ये सत्तावीस वर्षं लहान मुलांना तपासते आहे. पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो, आणि बहुतेक वेळा तुमच्या घरासारखाच जोडीने येतो: एक मूल मधाच्या वयाचं, दुसरं नाही, आणि दोघांची आजी एकच. मोठ्याला द्यायला बाटली उघडली जाते आणि जाता जाता एक बोट पाळण्याकडेही जातं. घोटाळा होतो तो तिथे. म्हणून तुमच्या सासूबाईंचा मुद्दा मी टाळणार नाही, तोच आधी घेते.

त्या खोटं सांगत नाहीत. आपल्याकडे बाळ जन्मलं की सोन्याच्या वळ्याने मध-तूप चाटवायचं, मग वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून बाळगुटी द्यायची आणि ती मधात कालवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. बहुतेक बाळांना काही झालं नाही. का झालं नाही, हे कळलं की का देऊ नये तेही कळतं.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू मातीत राहतो. हवा, ऊन, कोरडेपणा सोसता यावा म्हणून तो स्वतःभोवती कठीण कवच करून बी होऊन पडून राहतो. त्याला बीजाणू म्हणतात. धुळीतून, फुलांवरून, मधमाशीच्या अंगावरून हे बीजाणू मधात येतात. मधात पाणी इतकं कमी आणि आंबटपणा इतका की तिथे ते उगवत नाहीत, पण मरतही नाहीत. तुम्ही आणि मी असा मध खाल्ला तर पोटातलं आम्ल आणि आतड्यात वर्षानुवर्षं वस्तीला असलेले चांगले जंतू त्या बीजाणूला जागाच देत नाहीत. तो आला तसा निघून जातो.

सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून पक्की झालेली नसते. रिकाम्या शेतात तण रुजावं तसा बीजाणू तिथे रुजतो, वाढतो आणि आतड्याच्या आतच विष तयार करू लागतो. म्हणजे विष मधात नसतं, ते बाळाच्या पोटात तयार होतं. ते रक्तातून नसांच्या टोकांपर्यंत जातं आणि नस स्नायूला जो निरोप देते तो अडवतं. निरोप पोचला नाही की स्नायू ढिला पडतो. आधी डोळे, चेहरा आणि गिळण्याचे स्नायू, मग मान, मग हातपाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. या आजाराला इन्फंट बोट्युलिझम म्हणतात. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला आणि त्यानंतर मधाशी असलेलं त्याचं नातं लक्षात आलं.

आता «आमच्या मुलांना काही झालं नाही» याकडे येऊ. बीजाणू मधात सारखे कालवलेले नसतात. एका बाटलीत असतील, दुसरीत नसतील. एकाच बाटलीच्या एका चमच्यात असतील, पुढच्यात नसतील. त्यामुळे दहा घरांत दहा बाळांनी मध चाटला आणि दहाही धडधाकट राहिली, यात नवल नाही. पण आपल्या हातातल्या बोटावर काय आहे हे बघून, चाखून, वास घेऊन कळत नाही. मांडवकडून कुणी पोळ्यातून पिळून आणलेला अस्सल मध असला तरी तेच, आणि दुकानातला सीलबंद असला तरी तेच. मध शुद्ध आहे म्हणून तो बीजाणूमुक्त आहे असं होत नाही. हे बीजाणू निसर्गातूनच येतात, भेसळीतून नाही.

बोटभर का नको, याचंही उत्तर यातच आहे. विषाचं असतं तर कमी मात्रेने कमी इजा झाली असती. इथे आपण बी पेरतो आहोत, आणि रुजायला ते थोडंसं असलं तरी पुरतं. उकळून घेतला तर चालेल का, असंही विचारतात. नाही. तयार झालेलं विष उकळल्याने नष्ट होतं, पण बीजाणू उकळत्या पाण्यात कितीतरी वेळ तग धरतात. म्हणून शिऱ्यात घातलेला, दुधात उकळलेला, घरी भाजलेल्या बिस्किटातला मधही वर्षाखाली नको. सुवर्णप्राशनाचे थेंब देत असाल तर त्यात मध असतो का, हे देणाऱ्या वैद्यांना स्पष्ट विचारा, सहसा असतो. गुटी द्यायची की नाही हा वेगळा विषय आहे. द्यायचीच असेल तर आईच्या दुधात उगाळा, एवढं मी आजींना सांगते आणि त्या ऐकतातही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगात या आजाराची जेवढी बाळं सापडतात, त्यांतल्या बहुतेकांनी मध खाल्लेलाच नसतो. त्यांना बीजाणू धुळीतून, मातीतून मिळालेले असतात. आजारही दुर्मीळ आहे. मग मधावर एवढा कटाक्ष का? कारण धूळ आपल्या हातात नाही, मध आहे. आणि त्या बदल्यात आठ महिन्यांच्या बाळाला मधातून मिळतं काय, तर घटकाभर गोडवा. खोकल्यावर मधाचा उपयोग झाला असं दाखवणारे चांगले अभ्यास आहेत ते एक वर्षावरच्या मुलांचे. इतक्या लहानग्यांत तो तपासलेला नाही आणि तपासणं योग्यही नाही.

बारा महिन्यांची रेषा कशी ठरली? या आजाराची जवळजवळ सगळी बाळं एक वर्षाच्या आतली असतात, आणि त्यातही पहिल्या सहा महिन्यांतली सर्वांत जास्त. वरचं अन्न सुरू होऊन काही महिने गेले की आतड्यातली वस्ती बदलते, भरते. साडेअकरा महिन्यांच्या आणि साडेबारा महिन्यांच्या बाळात एका रात्रीत फरक पडतो असं नाही, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलं की धोक्याचा सगळा काळ मागे पडतो आणि लक्षात ठेवायलाही सोपं. «अकरावा चालू आहे, झालंच की वर्ष» ही सूट मात्र मी देत नाही.

आता मोठ्याकडे वळते, कारण त्याला मध खरोखर उपयोगी आहे. साध्या सर्दीच्या खोकल्यात घसा सुजून हुळहुळा झालेला असतो, नाकातलं पाणी मागून घशात उतरतं आणि आडवं झालं की खोकल्याची उबळ येते. दाट, गोड मध घशाला लेप देतो, लाळ सुटते, आणि ती हुळहुळ थोडा वेळ शांत होते. आजार लवकर बरा होत नाही. रात्र बरी जाते. 2007 मध्ये अमेरिकेत 105 मुलांवर एक अभ्यास झाला. झोपेच्या अर्धा तास आधी मधाची एकच मात्रा दिली होती, आणि ज्यांना काहीच दिलं नाही त्या मुलांपेक्षा मध घेतलेली मुलं कमी खोकली आणि चांगली झोपली. 2012 मध्ये इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या 300 मुलांना मध किंवा मधासारखाच दिसणारा खजुराचा अर्क दिला गेला. गंमत अशी की खजुराच्या अर्कानेही मुलांना बरं वाटलं, पण मधाने जास्त. म्हणजे गोड चाटणाचा आणि आईच्या मायेचाही त्यात वाटा असतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मधाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये म्हणून सांगितलं.

आपल्या मध्य प्रदेशात तर मी मध सुचवण्याला आणखी एक कारण आहे. 2025 मध्ये छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मुलं दगावली. त्यानंतर ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. भेसळ बाजूला ठेवली तरी या वयात त्या सिरपांचा फायदा फारसा नाही आणि गुंगी, धडधड यांसारखे त्रास होऊ शकतात. तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्यासाठी कपाटातली उरलेली खोकल्याची बाटली काढू नका.

मात्रा मी अशी देते. एक ते पाच वर्षं: अर्धा चहाचा चमचा, अडीच मिलिलीटर. सहा ते अकरा वर्षं: एक चमचा, पाच मिलिलीटर. बारा वर्षांच्या पुढे: दोन चमचे. मोठ्या अभ्यासांत लहान मुलांना याहून जास्तही दिलेला आहे, त्यामुळे अर्ध्याचा पाऊण चमचा झाला तर घाबरू नका. पण जास्त मध म्हणजे जास्त आराम असं होत नाही. उलट पोट बिघडतं आणि दात खराब होतात.

चमच्याबद्दल एक बारीक गोष्ट. माझ्या टेबलावर मी मापाची पिचकारी ठेवते, सुई नसलेली, पाच मिलिलीटरची. एकदा एका आजोबांनी घरून स्वतःचा «चहाचा चमचा» आणला होता. मी त्यात मध भरला आणि पिचकारीत ओढून दाखवला, तर साडेआठ मिलिलीटर निघाला. मध दाट असल्यामुळे तो चमच्याच्या काठावर फुगून राहतो, पाण्यासारखा सांडत नाही. म्हणून औषधाबरोबर येणारं रेघांचं माप किंवा पिचकारी वापरा. पिचकारीने देताना मुलाला बसवून, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात नेम धरून मारू नका, ठसका लागेल. थंडीत मध रवाळ होऊन बसतो. तो बिघडलेला नसतो. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की सुटतो.

आज रात्रीचं वेळापत्रक मांडून देते. मुलगा नऊला झोपत असेल तर साडेआठला अडीच मिलिलीटर मध, नुसता चाटायला. नुसता घशाशी लागला तर तेवढाच मध दोन चमचे कोमट पाण्यात कालवून द्या. पेलाभर पाण्यात घातला तर घशाला लेप बसणार नाही. मग गप्पा मारत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, दोन घोट पाणी पाजा, दात घासून घ्या आणि झोपवा. दात घासल्यावर मध देऊन तसंच झोपवलं, तर तो रात्रभर दातांना चिकटून राहतो आणि पुढच्या दातांना कीड लागते, हे मी नेहमी बघते. रात्री उबळीने जाग आलीच तर आणखी एकदा तेवढाच द्या आणि पाणी पाजा. दिवसा त्रास असेल तर एक-दोनदा. दिवसभरात मिळून तीन-चार वेळांच्या पुढे जाऊ नका. तीन दिवस असं करून बघा. सासूबाईंना आल्याचा रस घालायचाच असेल तर दोन-तीन थेंब, मुलाला तिखट लागला नाही तरच. काम मधच करतो. मुलाला मधुमेह असेल किंवा मधाने, परागाने कधी अंगावर पित्त उठलं असेल तर मात्र मध नको.

मध देताना एक मर्यादा मनात असू द्या: तो घसा शांत करतो, छाती नाही. मूल झोपलेलं असताना त्याच्या पोटाची एक पूर्ण मिनिटभर हालचाल मोजा, मोबाईलवर घड्याळ लावून. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असतील, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा त्याहून जास्त, तर मध बाजूला ठेवून दवाखान्यात या. श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल, शीळ वाजत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर रात्रीसुद्धा या. शेंगदाणा, फुटाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला असेल तर तो सर्दीचा नाही, दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला किंवा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर तपासून घ्या.

धाकटीसाठी काय? तिचं नाक मोकळं ठेवा, खोकला तिथूनच येतो आहे. मीठ-पाण्याचे तयार नाकातले थेंब मिळतात, ते दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब. दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. आठ महिन्यांची आहे, तर मधून मधून कोमट पाण्याचा घोट चालेल. धुरी देऊ नका, सुजलेल्या श्वासनळीला धूर फार त्रास देतो. कापूर, मेंथॉलचे मलमही दोन वर्षांखाली छातीला, नाकाला नको.

आणि तिने आधीच मध चाटला असेल तर? बऱ्याच आया हे विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगते. उलटी करवू नका, रडू नका, सासूबाईंशी भांडू नका. बहुतेक बाळांना काही होत नाही. तारीख लिहून ठेवा आणि पुढचा महिनाभर लक्ष ठेवा, कारण लक्षणं तीन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. पहिली खूण बहुधा बद्धकोष्ठ असते. रोज शी करणारं बाळ अचानक तीन-चार दिवस करत नाही. मग दूध ओढायला वेळ लागतो, दूध तोंडातून ओघळतं. रडणं बारीक होतं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात, चेहऱ्यावर हसू उमटत नाही, आणि काल मान धरणारं बाळ आज मान टाकतं. ताप नसतो, म्हणूनच घरचे गाफील राहतात.

काही वर्षांपूर्वी रामबागेतून एक आजी पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. दहा दिवस मधातली गुटी, चार दिवस शी नाही, आणि «दूध आळसावून पितो». मी त्याला हातांना धरून उठतं केलं, मान बरोबर आली. बोट चोखायला दिलं, ओढ घट्ट होती. मग अंधाऱ्या खोलीत विजेरीचा उजेड डोळ्यांवर दोन-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. या आजारात बाहुली सुरुवातीला आकसते, पण उजेड परत परत टाकला की थकते आणि सुस्त होते. त्याची बाहुली शेवटपर्यंत चटकन आकसत होती. खोदून विचारल्यावर कळलं की त्याच आठवड्यात आईच्या दुधासोबत वरचं दूध सुरू झालं होतं. शी त्याने अडली होती. तरी मी त्यांना तीन आठवडे दर चार दिवसांनी बोलावलं, आणि त्या दर वेळी आल्या.

त्या बाळाची मान ढिली असती तर मी त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं, जिथे बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. या आजारात श्वास थांबण्याची भीती असते. वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात, पण त्याला आठवडे लागतात. तुमच्यावर कधी अशी वेळ आलीच तर दारातच सांगा, «बाळाने मध खाल्ला आहे, अमुक तारखेला». सुस्त, दूध न पिणारं बाळ आलं की जंतुसंसर्ग समजून जेंटामायसिन किंवा अमिकासिन सुरू करण्याची पद्धत आहे, आणि या आजारात तीच औषधं स्नायू आणखी ढिले पाडतात. मधाचं एक वाक्य डॉक्टरांना वेगळ्या दिशेने विचार करायला लावतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न हाच असतो म्हणून लिहिते. तुम्ही स्वतः धाकटीला अंगावर पाजत असाल आणि तुम्हालाही खोकला असेल, तर तुम्ही मध खुशाल खा. बीजाणू दुधात उतरत नाहीत. फक्त मध दिल्यावर हात साबणाने धुवा, मोठ्याचा चाटलेला चमचा धाकटीच्या हाती लागू देऊ नका, आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवा. आमच्या एका आजींनी तसं केलं होतं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्या नातीला अर्धा चमचा मध चाटवून मला दाखवायला घेऊन आल्या.